कर कापलात, आता कशावर कापला ते लिहून द्या: बँक व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
माझ्या आईची मुदत ठेव ज्या बँकेत होती ती बँक

विषय: ३१ मार्चला साठलेल्या व्याजावरची करकपात आणि तिचा न मिळालेला हिशेब

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या शाखेने माझ्या आईचा अर्ज लेखी उत्तरासह परत केला. उत्तर एका ओळीचं आहे: व्याजाचा दाखला संगणक प्रणालीतून निघतो, त्यात शाखेला बदल करता येत नाही. अर्जात आम्ही बदल मागितलाच नव्हता. २०२४-२५ या आर्थिक वर्षात आईच्या ठेवीवर किती व्याज धरलं, त्यातलं किती प्रत्यक्ष जमा झालं, किती नुसतं साठलेलं होतं आणि कर नेमका कोणत्या रकमेवर कापला, एवढंच विचारलं होतं. हे शाखेत मिळत नाही म्हणून आपल्याला लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न घेऊन दर जून-जुलैला माझ्यासमोर अनेक ठेवीदार बसतात. साताऱ्यात एका लहानशा कर सल्लागार कार्यालयात मी विवरणपत्रं भरण्याचं काम करते. बँकेचं नाव इथे घेत नाही. अशा तक्रारी मी इतर बँकांबद्दलही ऐकते, आणि माझं भांडण पद्धतीशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे आपल्या विधी विभागाचा वेळ वाचेल. हातात न आलेल्या व्याजावर ३१ मार्चला कर कापला, ही माझी तक्रार नाही. आयकर कायद्याच्या कलम १९४ए नुसार व्याज खात्यात जमा करताना किंवा देताना, जे आधी घडेल तेव्हा, कर कापावा लागतो. व्याज ठेवीदाराच्या खात्यात न टाकता बँकेने आपल्या वहीत 'देय व्याज' म्हणून बाजूला काढलं, तरी ते जमा झालं असंच कायदा मानतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१० च्या परिपत्रकात (क्रमांक ३/२०१०) बँकांना थोडी मोकळीक दिली. प्रणाली रोज किंवा दरमहा जी व्याजाची तरतूद करते, तिच्यावर कर कापायची गरज नाही. आर्थिक वर्ष संपताना साठलेलं व्याज, बँकेच्या प्रथेप्रमाणे ठरावीक काळाने येणारं व्याज, ठेवीची मुदत संपणं किंवा ती मोडणं, यांतलं जे आधी येईल तेव्हा कापावा. म्हणून ३१ मार्चची कपात कायद्याला धरून आहे. माझी तक्रार त्यानंतर काय होतं, याबद्दल आहे.

आईच्या ठेवीचे आकडे मांडते. कोणालाही कागद-पेन घेऊन ते पडताळता येतील.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी तिने ४४४ दिवसांसाठी १५ लाख रुपये ठेवले. दर ७.३० टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळणार, मुदत ३ नोव्हेंबर २०२५ ला संपणार. १६ नोव्हेंबरला पहिल्या तिमाहीचे २७,३७५ रुपये मुद्दलात गेले. १६ फेब्रुवारीला दुसऱ्या तिमाहीचे २७,८७५ गेले आणि ठेवीची शिल्लक १५,५५,२५० झाली. तिसरी तिमाही १६ मे रोजी पुरी व्हायची होती. पण ३१ मार्च मध्येच आला. १६ फेब्रुवारीपासून ३१ मार्चपर्यंतचे ४४ दिवस, दिवसाला सुमारे ३११ रुपये, म्हणजे १३,६८६ रुपये व्याज साठलं होतं. ते ठेवीत जमा झालं नव्हतं, बचत खात्यातही आलं नव्हतं. तरी वर्षाचं व्याज म्हणून बँकेने तिन्ही रकमा मिळून ६८,९३६ रुपये धरले. ज्येष्ठ नागरिकांची त्या वर्षीची करकपातीची मर्यादा ५०,००० रुपये होती (१ एप्रिल २०२५ पासून ती एक लाख आहे), त्यामुळे संपूर्ण रकमेवर दहा टक्के कापले गेले. नोव्हेंबरमध्ये २,७३८, फेब्रुवारीत २,७८८ आणि ३१ मार्चला १,३६९, एकूण ६,८९५ रुपये. तिन्ही वेळा पैसे बचत खात्यातून गेले.

पासबुकात ३१ मार्चची ओळ अशी दिसते: तारीख, 'टीडीएस' हे अक्षर, पुढे १,३६९.०० नावे. कोणत्या ठेवीवरचा, कोणत्या व्याजावरचा, काही नाही. आधीच्या दोन कपातींच्या तारखांना ठेवीत व्याज तरी पडलं होतं, या तारखेला तेही नव्हतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईने ही ओळ बघून काय समजावं? तिला वाटलं, खात्यातून कोणीतरी परस्पर पैसे काढले. अशा नोंदी बघून घाबरलेली माणसं मला दर वर्षी एप्रिलमध्ये भेटतात.

आता आकडे जुळत का नाहीत ते पाहू. जूनमध्ये शाखेतून वर्षभराच्या व्याजाचा दाखला घेतला. त्यावर व्याज ५५,२५० रुपये, कारण दाखला ठेवीत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमाच मोजतो. करकपातीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, दोन्ही तिमाहींचं मिळून ६८,९३६ रुपये सांगतं, कारण तिथे साठलेलं व्याजही धरलेलं आहे. आयकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, दोन्ही आकडे आहेत. करकपातीच्या रकान्यात ६८,९३६ आणि बँकेने स्वतंत्रपणे कळवलेल्या व्याजाच्या रकान्यात ५५,२५०. बँक एक, ठेव एक, वर्ष एक, आणि फरक १३,६८६ रुपयांचा. तो फरक म्हणजे ते ४४ दिवस, हे मला दिसतं कारण मी दिवस मोजत बसते. ठेवीदाराला ते कोणी सांगत नाही.

त्यातून पुढे जे होतं ते नेहमीचंच आहे. ठेवीदार बँकेचा दाखला खरा मानतो आणि विवरणपत्रात ५५,२५० लिहितो. करकपातीचं श्रेय मात्र पूर्ण ६,८९५ रुपयांचं मागतो, कारण तेवढे कापलेले आहेत. आयकर खात्याच्या यंत्रणेला दिसतं की कराचं श्रेय घेतलं, पण त्यामागचं सगळं उत्पन्न दाखवलेलं नाही. मग कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येऊ शकते, नाहीतर तफावतीचा संदेश. पुढच्या वर्षी याच्या उलट घडतं. ठेव चालू राहिली असती तर १६ मे २०२५ ला तिच्यात २८,३८३ रुपये एकदम जमा झाले असते. त्यातले १३,६८६ आदल्या वर्षाचे, त्यांच्यावर कर कापून झालेला. पण दाखल्यावर 'वर्षात जमा झालेलं व्याज' म्हणून पूर्ण २८,३८३ छापून येतात. ज्याने मागच्या वर्षी १६ए प्रमाणे उत्पन्न दाखवलं आणि या वर्षी दाखल्याप्रमाणे दाखवलं, त्याने १३,६८६ रुपये दोनदा दाखवले. त्याला कळतही नाही, आणि यंत्रणा त्यावर काही बोलत नाही, कारण जास्त उत्पन्न दाखवणाऱ्याला कोणी थांबवत नाही.

लांब मुदतीच्या ठेवींमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची दहा लाखांची पाच वर्षांची ठेव सहा टक्क्यांनी होती. मुदत संपली तेव्हा पावतीवर व्याजाचा आकडा सुमारे ३ लाख ४७ हजार, एकाच ओळीत. पाचही वर्षं दर ३१ मार्चपर्यंतचा कर कापला जात होता आणि तो त्या त्या वर्षाच्या २६एएस या करकपातीच्या विवरणात पडून होता. शाखेत त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, पैसे हातात येतील तेव्हा दाखवा, आत्ता काही करू नका." मिळेल तेव्हा उत्पन्न दाखवण्याची, म्हणजे रोख पद्धत कायद्यात आहे, कलम १४५ मध्ये. पण ती निवडली तर दर वर्षी कापलेला कर विवरणपत्रात पुढच्या वर्षांसाठी ओढून न्यावा लागतो. नियम ३७बीए(३) प्रमाणे कराचं श्रेय ज्या वर्षी उत्पन्न करपात्र ठरतं त्याच वर्षी मिळतं. हा उरलेला अर्धा भाग शाखेत कोणी सांगत नाही. गुरुजींचं सगळं व्याज एकाच वर्षात आलं, वरच्या टप्प्यात गेलं, आणि आधीच्या वर्षांच्या करकपातीचं श्रेय अडकलं. मुदत उलटल्यावर भरायचं जे अद्ययावत विवरणपत्र असतं, त्यात परतावा मागता येत नाही. मी त्यांना काय सांगणार? सल्ला देणारा कर्मचारी भला माणूस होता आणि त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. त्याला हे शिकवणं बँकेचं काम होतं.

आता आईच्या ठेवीचा शेवट. जिना चढवेना म्हणून तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलं, आणि २० एप्रिल २०२५ पर्यंतच्या व्याजाने आम्ही ती ठेव मोडली. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेव राहिली तितक्या दिवसांचा दर आणि त्यातून दंड, हे पावतीवर छापलेलं आहे, आम्हाला मान्य आहे. २४७ दिवसांसाठीचा दर ६.५० टक्के, दंड एक टक्का, म्हणजे हातात ५.५० टक्के. सुरुवातीपासूनचा सगळा हिशेब या दराने पुन्हा झाला. एकूण व्याज निघालं ५६,१६८ रुपये. आईला मिळाले १५,५६,१६८.

हा आकडा १६ए शेजारी ठेवून बघा. बँक सरकारला सांगते की ३१ मार्चपर्यंत या बाईला ६८,९३६ रुपये व्याज झालं. तीच बँक तीन आठवड्यांनी तिच्या हातात संपूर्ण काळाचे ५६,१६८ ठेवते. १२,७६८ रुपये तिला मिळाले नाहीत आणि कधी मिळणारही नाहीत. त्यांच्यावर कर मात्र कापलेला आहे. ५.५० टक्क्यांनी ३१ मार्चपर्यंतचं व्याज मोजलं तर ते ५१,७५५ भरतं. त्यावर कर ५,१७६ झाला असता. म्हणजे १,७१९ रुपये जादा कापले गेले.

हे दुरुस्त करता आलं नसतं का? तारखा बघा. मार्चमध्ये कापलेला कर सरकारकडे भरायची मुदत ३० एप्रिल असते. जानेवारी ते मार्च तिमाहीचं करकपातीचं विवरणपत्र, फॉर्म २६क्यू, भरायची मुदत ३१ मे असते. आईने ठेव मोडली तेव्हा यातल्या दोन्ही तारखा पुढे होत्या. निदान त्या तिमाहीची नोंद तरी नव्या हिशेबाने पाठवता आली असती. प्रणालीने ठेवीदाराला द्यायची रक्कम त्याच दिवशी कमी केली आणि सरकारला कळवायची रक्कम तशीच ठेवली. एकच प्रणाली बँकेच्या बाजूने पैशापैशापर्यंत हिशेब फिरवते, तेव्हा ठेवीदाराच्या बाजूने तो फिरवता येत नाही, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आईला यात तोटा काय? तिचं कुटुंब निवृत्तिवेतन वर्षाला २,४०,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्यातून २५,००० ची वजावट जाते. त्यात बँकेचे ६८,९३६ जसेच्या तसे मिळवले तरी एकूण २,८३,९३६ होतात. त्या वर्षीच्या तीन लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने तिला कर शून्य, आणि ६,८९५ रुपये पूर्ण परत मिळतील. बरोबर आहे. पण तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने अशीच ठेव मोडली असती तर न मिळालेल्या १२,७६८ रुपयांवर उपकरासह जवळजवळ चार हजारांचा कर त्याच्या डोक्यावर बसला असता. आणि आईचं म्हणाल तर, जे उत्पन्न तिला झालं नाही ते झालं असं सही करून सांगायला ती तयार नाही. चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिलेली बाई आहे ती. खोटा आकडा तिला चालत नाही, आणि यात ती बरोबर आहे.

शिवाय तिचा कर कापला जायलाच नको होता. एकूण उत्पन्नावर कर शून्य असेल तर ज्येष्ठ नागरिकाने फॉर्म १५एच दिला की बँकेने कर कापायचा नसतो. एप्रिल २०२४ मध्ये तिने तो दिला होता. त्या फॉर्मवर त्या वेळच्या ठेवींचे क्रमांक होते. ऑगस्टमध्ये नवी ठेव काढली तेव्हा तिच्यासाठी वेगळा फॉर्म लागेल, हे काउंटरवर कोणी सांगितलं नाही. ठेवीचा अर्ज, नामनिर्देशन, केवायसीची पानं, सगळ्यांवर सह्या घेतल्या. १५एच पुढे केला नाही. नोव्हेंबरमध्ये पहिली कपात झाल्यावर विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, कर सरकारकडे गेला, आता विवरणपत्र भरून परत मागा. फेब्रुवारीआधी फॉर्म घेऊन पुढची कपात थांबवता येईल, हे तेव्हाही कोणी म्हणालं नाही. जिच्यावर विवरणपत्र भरण्याची वेळच आली नसती, तिला आता फक्त स्वतःचे पैसे परत मिळवण्यासाठी ते भरावं लागणार आहे.

आणि तो १६ए तरी कसा मिळवायचा? जानेवारी ते मार्च तिमाहीचं प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद कलम २७२ए मध्ये आहे. आपल्याकडे ते नेटबँकिंगमध्ये टाकलं की दिलं असं समजतात. आईकडे नेटबँकिंग नाही, साधा फोन आहे. काउंटरवर छापील प्रत मागितली तर अर्ज द्या, मुख्य कार्यालयातून येईल, असं उत्तर. ती आम्हाला मिळाली, पण मागून, पाठपुरावा करून. ज्यांच्या घरी पाठपुरावा करणारं कोणी नाही, त्यांचं काय होत असेल?

या सगळ्यात शाखेतल्या कर्मचाऱ्यांचा राग मला येत नाही. "मॅडम, सिस्टीम कापतं, आम्हाला फक्त स्क्रीनवर दिसतं," असं एका अधिकाऱ्याने मला अगदी अजिजीने सांगितलं आणि ते खरं होतं. त्यांच्या स्क्रीनवर साठलेल्या व्याजाचा आकडा वेगळा दिसतच होता. १३,६८६ हा आकडा मी पहिल्यांदा तिथेच पाहिला, काउंटरवरून वाकून. तो छापून द्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती. म्हणजे माहिती बँकेत आहे. ती ठेवीदाराच्या हातात पोचू द्यायची की नाही, हा निर्णय आपल्या पातळीवरचा आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावाने.

माझ्या मागण्या या:

१. व्याजाच्या वार्षिक दाखल्यावर प्रत्येक ठेवीपुढे चार आकडे छापा: वर्षात जमा झालेलं व्याज, त्यातून वजा करायचं मागच्या ३१ मार्चचं साठलेलं व्याज, या ३१ मार्चला साठलेलं पण जमा न झालेलं व्याज, आणि या तिन्हींतून निघणारी करकपातीसाठीची रक्कम. शेवटचा आकडा १६ए शी जुळलाच पाहिजे. आईची ठेव त्याच वर्षात सुरू झाली, त्यामुळे तिच्या दाखल्यावर ५५,२५० अधिक १३,६८६ बरोबर ६८,९३६ एवढंच आलं असतं. ही एक ओळ असती तर अर्धं पत्र लिहावं लागलं नसतं. एआयएससाठी बँक जे व्याज वेगळं कळवते तेही याच आकड्याने कळवा.

२. ठेव मुदतीआधी मोडली की पैसे देतानाच एक लेखी हिशेब द्या. कोणत्या आर्थिक वर्षाचं व्याज आधी किती धरलं होतं, नव्या दराने किती झालं, किती कमी केलं आणि त्यावर कर किती कापला गेला होता, हे वर्षवार. त्या तिमाहीचं विवरणपत्र अजून भरायचं असेल तर नव्या आकड्याने भरा. भरून झालं असेल तर दुरुस्ती विवरणपत्र भरा. ठेवीदाराने एआयएसवर 'माहिती पूर्णपणे बरोबर नाही' असा अभिप्राय दिला तर तो पडताळणीसाठी बँकेकडेच येतो. त्याला उत्तर देण्यासाठी माणूस नेमा, त्याच्या पदनामासह शाखेत फलक लावा.

३. मुदत संपलेल्या ठेवीच्या पावतीवरही व्याज वर्षवार द्या. पाच वर्षांचं व्याज एका ओळीत छापणं थांबवा.

४. साठ वर्षांवरच्या व्यक्तीची नवी ठेव उघडताना १५एच तिच्यासमोर ठेवा आणि तो लागू होतो का हे विचारा. कोणावर लादू नका. ज्याचं उत्पन्न करपात्र आहे त्याने तो देणं चूक आहे, हेही त्याच वेळी सांगा.

५. नेटबँकिंग नसलेल्या ठेवीदाराला दर तिमाहीचा १६ए त्याच्या शाखेत छापील स्वरूपात, अर्जाशिवाय, मुदतीत मिळू द्या.

६. पासबुकातल्या आणि संदेशातल्या टीडीएसच्या नोंदीत ठेवीचे शेवटचे चार अंक आणि ज्या व्याजावर कर कापला ती रक्कम लिहा.

यातल्या एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही आणि बँकेला एक पैसाही जास्त व्याज द्यावं लागत नाही.

आईपुरतं सांगायचं तर आम्हाला दोन कागद हवे आहेत. पहिला, वर दिलेल्या रीतीने तिच्या ठेवीचा वर्षवार हिशेब, ज्यावर २०२४-२५ चं व्याज नव्या दराने ५१,७५५ रुपये झाल्याचं बँक लिहून देईल, किंवा माझा हिशेब चुकत असेल तर आपला आकडा आणि तो कसा आला हे लिहून देईल. दुसरा, जानेवारी ते मार्च तिमाहीची नोंद दुरुस्त करणार की नाही याचं उत्तर. नाही असेल तर कारणासह. या वर्षी आमच्यासारख्यांची विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवलेली आहे. तिचं विवरणपत्र मी अजून भरलेलं नाही, आपल्या कागदासाठी थांबले आहे.

या पत्राची सही केलेली प्रत मी आजच शाखेत देऊन पोच घेतली आहे आणि आपल्या तक्रार निवारण विभागालाही पाठवली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पुन्हा 'प्रणालीत बदल करता येत नाही' एवढंच असलं, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करेन आणि तिच्यासोबत हेच आकडे जोडेन.

आपली,
एका ठेवीदाराची मुलगी
सातारा, ७ जुलै २०२५